शिंपीणबाईचा सोमवार

माझी आत्या कपडे शिवते आणि कात्रीसारखी बोलते. आधी करकर, मग खच्च! "सोमवारी ने," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि तिचा सोमवार गुरुवारी उगवतो, हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे. ही बाई कोर्टाच्या तारखांची हमी द्यायला निघाली, हे ऐकून बाबांच्या घशात चहाच अडकला.

झालं असं, की तिच्या दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर मजुरीवरून मुकादमाशी भिडला आणि थेट कोठडीत गेला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. त्याचे सगळे जिगरी दोस्त अचानक आजारी पडले.

"अक्का, तो तुझा लागतो कोण?" बाबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाइकासाठी कुणी दुकान टांगणीला लावतं?"

"पाटी रंगवली तेव्हा उरलेला रंग परत आणून दिला होता त्याने. तू देशील?"

बाबांनी चहाचा कप पुढे ओढला. त्यांनी माझी नेलेली कंपासपेटी परत दिलेली मला तरी आठवत नाही.

पेंटरचे वकीलसाहेब नाकात बोलायचे आणि एकेक गोष्ट दोनदा सांगायचे. "नीट ऐका बाई, नीट ऐका. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा तुम्हाला होणार नाही. पण खटला संपेपर्यंत तो प्रत्येक तारखेला हजर राहील, ही जबाबदारी तुमची, तुमची! गैरहजर राहिला, तर हमीची रक्कम कोर्ट तुमच्याकडून वसूल करणार. नाही भरली, तर तुमच्या गाळ्यावर जप्ती, जप्ती."

न्यायाधीशबाईंनी गाळ्याची मूळ कागदपत्रं तपासली. आरोपीला किती वर्षं ओळखता, आणखी कुणाला जामीन राहिलात का, हेही विचारलं. आत्याने सही केली आणि पेंटर बाहेर आला. त्याने वाकून नमस्कार केला, तर आत्या म्हणाली, "पाया नंतर पड. तारखेला ये."

सुरुवातीच्या तारखांना तो आला. आत्याही जायची, जायलाच हवं असं नव्हतं, पण घरी तिची सुई चालायची नाही. पुढची तारीख विसरला, की पेंटर तिलाच विचारायचा.

एका तारखेला मीही सोबत होते. शिपायाने दारातून लांबलचक हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पेंटरचा फोन वाजत राहिला, उचलणारा कुणी नाही. वकीलसाहेबांनी गैरहजेरी माफ करायचा अर्ज दिला.

"कारण काय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

कारण कुणालाच माहीत नव्हतं. वकीलसाहेब पहिल्यांदाच एकदाच बोलले, "कळलं की सांगतो."

"अर्ज नामंजूर. जामीनदार कोण?"

आत्या उभी राहिली. मला वाटलं, आता करकर सुरू होणार. पण इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. "मी आहे. त्याला घेऊन येते. थोडा वेळ द्या."

"जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारू. तोवर आला नाही, तर त्याच्यावर अटक वॉरंट आणि तुम्हाला रक्कम भरण्याची नोटीस निघेल."

रिक्षात आत्या नुसती अंगठ्याने सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान फिरवत होती.

त्याच्या घरी विचारल्यावर पेंटर सापडला एका गोदामाच्या भिंतीवर, परांचीवर बसून 'शीत' रंगवताना. 'गृह' अजून व्हायचं होतं.

"खाली उतर! आज तारीख आहे!"

"आज?" वरून आवाज आला. "ताई, तुम्ही सोमवार म्हणालात!"

"मग आज काय आहे?"

"सोमवार... पण तुमचा सोमवार म्हणजे गुरुवार ना? माझी पँट कधी सोमवारी मिळालीय?"

मला हसू फुटणार होतं, पण आत्याचा चेहरा बघून ते परत आत गेलं. शिडी धरून ती नुसती उभी होती.

सुट्टीनंतर हाक आली, तेव्हा कोपरापर्यंत निळा झालेला पेंटर पिंजऱ्यात हजर होता. न्यायाधीशबाईंनी त्याला सणसणीत समज दिली. मग आत्याकडे वळल्या. "तुम्हाला जामीनदारी सोडायची असेल तर तसा अर्ज करता येतो. मग याने दुसरा जामीनदार द्यायचा. नाही मिळाला, तर आत."

पेंटरने निळे हात जोडले. दुसरा कुठून आणणार तो? बाबांनी माझ्या कानात कळकळीने सांगून ठेवलेलं वाक्य मला आठवलं: संधी मिळाली की आधी मोकळी हो म्हणावं तिला. मी तोंड उघडलंच नाही. त्या उंच खोलीत, पंख्याच्या घरघरीत, माझी पाच फुटांची आत्या मला छतापर्यंत पोचलेली दिसत होती.

"नाही सोडत," ती म्हणाली. "चूक त्याची एकट्याची नाही."

बाहेर आल्यावर पेंटरने डोळे पुसले आणि गाल निळा करून घेतला. "ताई, पुढची तारीख?"

"मंगळवार. आणि मंगळवार म्हणजे मंगळवार."

तो मान हलवत राहिला, पण त्याच्या डोळ्यांत किंचित शंका होतीच.

आत्या तडक दुकानात गेली. शेजारच्या काकू ब्लाऊजसाठी गुरुवारी यायच्या बेतात होत्या. ब्लाऊज पुरा करून, त्यांच्या दारात उभी राहून ती ओरडली, "काकू, ब्लाऊज! आज सोमवार आहे!"

काकूंनी आधी कॅलेंडर बघितलं. मग आत्याकडे.