देवाचा पडदा आणि सुनेचा क्लास

माझी सून संध्याकाळी तीन तास दहावीच्या पोरांना गणित शिकवते. ती घरात बसून, पोरं आपापल्या घरी. खुलताबादपासूनची पोरं आहेत. मी चौथी शिकले, पण माझ्या घरातून दहावीचं गणित बाहेर जातं, हे मी कुणालाही सांगते. न विचारता सांगते.

बोर्डाच्या परीक्षेला दोन महिने होते. माझी थोरली जाऊ सोयगावहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली आणि आमच्याकडंच राहिली. डोळा बरा झाल्यावर तिनं टीव्हीवर देवाचं थेट दर्शन लावलं. सकाळी सहाला लावायची, संध्याकाळी सहापर्यंत. सोबत म्हणून मीही कधी बंद केलं नाही. तो महिना संपायच्या दहा दिवस आधी नेटचा वेग बसला. फळ्यावरची आकडेमोड पोरांना दिसेना, सुनेचा आवाज तुटायला लागला. दोन पालकांनी सरळ सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरीकडं घालतो.

नवा महिना लागला, तशी सून दहाव्या दिवशीच मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली.

"आई, आपल्याला महिन्याला पाचशे जीबी मिळतात. ते संपले की नेट चालू राहतं, पण रांगतं. दहा दिवसांत तीनशे तीस गेले."

"कुणी खाल्ले?"

"माझ्या क्लासला दिवसाला तीन. ह्यांच्या दोन तासांच्या सिनेमाला सहा. आणि देवाला चोवीस."

टीव्हीचं चित्र 'ऑटो'वर होतं. नेट जितकं जोरात, तितकं टीव्ही चांगलं चित्र ओढतो. दर्शनाचं ते चित्र तासाला दोन जीबी खात होतं, असे बारा तास. खालची क्वालिटी लावली तर तासाला अर्ध्या जीबीच्या थोडं वर.

लेक म्हणाला, मोठा प्लॅन घेऊ. चौकशी केली तर बदल पुढच्या महिन्यापासून. पोरांची परीक्षा काय थांबणार होती?

उरले एकशे सत्तर, दिवस वीस. म्हणजे दिवसाला साडेआठ. क्लासचे तीन बाजूला काढले. लेकाला सांगितलं, एकच तास बघ. त्याचे तीन. मग देवाला जेमतेम अडीच उरत होते. खालच्या क्वालिटीनंही बारा तास बसत नव्हते. काकडा, दुपारची आरती, सांजेची आरती, एवढे तीन तास बसत होते.

सून जावेला सांगायला कचरत होती. मी गेले. आधी क्वालिटी खाली केली.

"अगं, मी इथं मोतीबिंदू काढायला आले," जाऊ म्हणाली, "अन् तू देवाच्याच तोंडावर जाळं घातलंस व्हय?"

"अक्का, पोरांना गणित दिसायला पायजे. देवाला काय, तुम्ही डोळे मिटूनबी बघता."

"बरं. पण बंद नाय करायचं. चालू देवाला बंद करीत असतेत का?"

"देवळात दुपारी पडदा लावतेत ना? तसा आरत्यांच्या मधल्या वेळात लावायचा. देवाला विश्रांती नको? तुम्ही तर सकाळपासून उभं केलंय त्याला."

तिनं टीव्हीचा रिमोट उचलला. मग म्हणाली, "पडदा लावते मग."

दुसऱ्या दिवशी सुनेनं बघितलं तर तेरा जीबी गेलेले. लेकावर मी जाळ झाले. तो शपथ घेऊन सांगे, एकच तास बघितला. सुनेनं टीव्हीमागं हात घातला, तर टीव्हीला नेटवरचं चित्र पुरवणाऱ्या डब्याचा दिवा लागलेला. अक्कानं टीव्हीच्या रिमोटनं फक्त पडदा काळा केला होता. मागं डबा दिवसभर दर्शन ओढतच होता.

"अक्का, पडद्यामागं देव जागाच आहे की," मी म्हणाले.

"मला काय ठावं? मला वाटलं झोपला."

सुनेनं तिला डब्याचा रिमोट दाखवला. आधी दर्शनातून बाहेर यायचं, मग डबा बंद, मग टीव्ही. एकदा दाखवलं तेवढ्यावर ती शिकली. पुढं लेकानं एक दिवस डबा तसाच सोडला, तर त्याला तिनंच झापलं.

"तुझी मोठी आई अडाणी हाय म्हणून तू बी व्हय?"

त्यानंतर रोज आठ. मी जेवायला वाढताना विचारायची, आज किती, आणि सून सांगायची.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी शेवटचा क्लास होता. मी आणि अक्का दारात उभ्या राहिलो. सून वर्तुळाचं काहीतरी शिकवत होती. चौकटीत सगळी पोरं दिसत होती, एकही चेहरा अडकला नव्हता. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, ते पुन्हा सांगा," आणि सुनेनं पुन्हा सांगितलं, सलग, न तुटता. क्लास सुटल्यावर मोबाइल बघून ती म्हणाली, पाच जीबी शिल्लक. एकही पोरगं दुसरीकडं गेलं नव्हतं.

"तुझी सून लई तेज हाय," अक्का म्हणाली.

"हायेच," मी म्हणाले. "आता उरलेल्या पाचात देव लावा, चांगल्या क्वालिटीचा."