फरकाच्या अर्जावर एकच सही

अर्ज लिहायला मला कधीच वेळ लागत नाही. वडील पंचायत समितीत कारकून होते. आमच्या घरी मुलांना पाढे यायच्या आधी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ कुठं लिहायचा ते यायचं. कागद दिला की पोच घ्यायची, शिक्का आणि आवक नंबर असल्याशिवाय दारातून हलायचं नाही, हे तर त्यांनी उठता-बसता सांगितलेलं. म्हणून शाळेत कुणालाही काही लिहून हवं असलं की माझ्याकडं यायचे. मराठीची बाई, वर अक्षर चांगलं. फुकटातला लेखनिक.

शाळा बारामतीच्या कडेला, जळोचीकडं. खासगी, विनाअनुदानित. मी इंदापूरहून यायची, रोज एसटीनं. आई गेल्यापासून घरी एकटीच, त्यामुळं सकाळी कुलूप लावलं की दिवसातलं पहिलं बोलणं लासुर्ण्यापर्यंत होत नसे. लासुर्ण्याला विज्ञानाची मॅडम चढायची. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, उसाच्या घरातली सून, मला ताई म्हणायची. मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरायची आणि ती भवानीनगर येईपर्यंत सासूच्या तक्रारी सांगायची. अकरा वर्षं आम्ही अशा आलो-गेलो. मला मैत्रिणी फार नाहीत. स्वभाव तिखट आहे, हे मला माहीत आहे.

सातव्या वेतन आयोगाची सुधारित वेतनश्रेणी आमच्या शाळेला उशिरा लागू झाली. पगार एका जूनपासून वाढला, पण श्रेणी लागू झाली ती आधीच्या तारखेपासून. मधल्या काळातला फरक संस्थेकडं राहिला. सचिव म्हणाले, हप्त्याहप्त्यानं देऊ. पहिला हप्ता यायच्या आतच टाळेबंदी आली, शाळा बंद, फी येईना. मग सगळे गप्प. तेव्हा गप्प राहणं बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. पण नंतर शाळा भरली, फी वाढली, संस्थेनं नवीन इमारत बांधली, दोन बस घेतल्या. बसचं पूजन आम्हा शिक्षकांच्या हातून करवलं. नारळ फोडताना मला वाटलं, यातलं एखादं चाक माझ्या पैशाचं असणार.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये मी विषय काढला. सगळे एकदम बोलायला लागले. हिंदीचे सर तर टेबलावर हात आपटून म्हणाले, “लिहा मॅडम, आमी सगळे तुमच्यामागं हाय.” मागंच राहणार, पुढं कोणी येणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी रविवारी अर्ज लिहिला. ‘मा. अध्यक्ष व सचिव यांस, मुख्याध्यापकांमार्फत. विषय : सुधारित वेतनश्रेणीनुसार थकीत फरक मिळणेबाबत.’ खाली, ‘आम्ही खालील सह्या करणारे शिक्षक’. त्याखाली एकोणीस रेघा आखल्या. माहितीसाठी प्रत, शिक्षणाधिकारी, माध्यमिक, जिल्हा परिषद, पुणे.

ती शेवटची ओळच नडली. सोमवारी अर्ज फिरला तो चहाच्या ट्रेसारखा. जो तो बघायचा आणि पुढं सरकवायचा. एकाच्या बायकोची परीक्षा होती, एकाची कायम मान्यता अडकलेली, एकाला शिक्षणाधिकाऱ्यांची प्रत खुपली. हिंदीचे सर म्हणाले, “सेवाज्येष्ठतेनं सह्या करा, म्हंजे बरं दिसंल.” ज्येष्ठतेनं पहिली मीच होते. मी केली. दुसरे ते होते, त्यांना तेवढ्यात वर्गावर जायचं आठवलं.

मंगळवारी संध्याकाळी बसमध्ये मी विज्ञानाच्या मॅडमपुढं कागद धरला. तिनं सगळा वाचला. तिची मुलगी आमच्याच शाळेत होती, कर्मचाऱ्यांची मुलगी म्हणून अर्ध्या फीत. ती म्हणाली, “ताई, मला दोन दिवस द्या. घरात बोलते.”

मी कागद घडी घालून पिशवीत टाकला. दोन दिवस म्हणजे काय ते मला कळतं, असं मला वाटलं. घरात बोलते म्हणणाऱ्या बायकांची घरं कधीच हो म्हणत नाहीत. लासुर्ण्याला ती उतरताना “येते हं” म्हणाली, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी जाऊन मी नवा कागद घेतला. ‘आम्ही’ काढून ‘मी’ घातलं. सगळा अर्ज पुन्हा लिहावा लागला, कारण ‘आम्ही’ गेला की वाक्यावाक्यात बदल होतो. ‘आमची विनंती’ची ‘माझी विनंती’ करताना रडू आलं. राग होता त्यात, पण नुसता राग नव्हता. बुधवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज ठेवला. ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, “बाई, फरक माझाही राहिलाय.” मी म्हटलं, “मग सर, तुम्ही शिफारस लिहा.” त्यांनी ‘उचित कार्यवाहीसाठी सादर’ एवढं लिहिलं. क्लार्कनं आवक रजिस्टरला नोंद घेतली, माझ्या प्रतीवर शिक्का मारला, नंबर टाकला. शिक्षणाधिकाऱ्यांची प्रत मी त्याच दिवशी पोस्टानं रजिस्टर केली.

दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मी आले की गप्पा उसाच्या भावावर जायच्या. डबा उघडला की शेजारची खुर्ची रिकामी. विज्ञानाची मॅडम गुरुवारी माझ्या टेबलापाशी आली होती, पण मी वह्या तपासत होते आणि मान वर केली नाही. त्यानंतर बसमध्ये ती पुढं बसायला लागली. मीही जागा धरणं सोडलं.

महिन्यानं संस्थेचं उत्तर आलं. सोबत एक झेरॉक्स जोडली होती. तिच्यावरचं अक्षर माझंच होतं.

टाळेबंदी जरा सैल झाल्यावर सचिवांनी सगळ्यांना शाळेत बोलावून एक संमतीपत्र घेतलं होतं. ‘थकीत फरकाच्या रकमेवर मी स्वखुशीने हक्क सोडत आहे.’ आम्हाला सांगितलं होतं, नुसतं ऑडिटपुरतं आहे. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं होतं आणि नमुना हवा होता. नमुना अर्थातच मी लिहिला. स्टाफरूमच्या फळ्यावर, खडूनं, छान सरळ ओळीत. माझ्यासकट एकोणीस जणांनी तो उतरून घेतला. ‘स्वखुशीने’ हा शब्द माझा होता. सचिवांनी ‘मर्जीनं’ सांगितलं होतं, मला ते बरं वाटलं नाही म्हणून मी भारदस्त शब्द घातला. आता तो भारदस्त शब्द माझ्याच सहीसकट माझ्यापुढं पडला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

स्टाफरूमला हे कळायला तास लागला नाही. हिंदीचे सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “फळ्यावर लिहून कुणी दिलं व्हतं? आमी तर नुसतं उतरवलं.” खरंच होतं ते. मी वकील नव्हते, पण हक्क सोडतोय एवढं तर मराठीत लिहिलं होतं, आणि मराठी माझाच विषय.

तरी मी मागं हटले नाही. हट्टानं म्हणा, नाहीतर दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून म्हणा. शिक्षणाधिकारी कार्यालयाला स्मरणपत्रं पाठवली. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर सुनावणीची नोटीस आली. पुण्याला एकटीच गेले. जिल्हा परिषदेच्या बाकावर संस्थेकडून सचिव, क्लार्क आणि एक वकील असे तिघं बसले होते, माझ्या बाजूला माझी पिशवी. क्लार्कनं डोळ्यांनीच नमस्कार केला, तोंडानं करायची सोय नव्हती.

शिक्षणाधिकारी साहेबांनी संमतीपत्र हातात घेऊन विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय?”

“हो. बाकीच्या अठरांचंही माझंच बघून लिहिलेलं आहे,” मी म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं?

ते किंचित हसले. मग सचिवांकडं वळून म्हणाले, “मान्यताप्राप्त शाळा आहे ना? मग अनुदान असो वा नसो, वेतनश्रेणी नियमाप्रमाणं द्यावीच लागते. शिक्षकानं संमती लिहून दिली म्हणून नियम रद्द होत नाही.” वकील काही तरी बोलले, साहेबांनी लिहून द्या म्हणून सांगितलं.

लेखी आदेश यायला आणखी दोन महिने गेले. ‘तक्रारदार शिक्षकास नियमानुसार देय फरक अदा करून अनुपालन अहवाल सादर करावा.’ मी तो पोस्टमनसमोरच वाचला आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. कुणाला, ते सुचलं नाही. ‘तक्रारदार’ हा शब्द एकवचनी होता, हे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं.

पहिला हप्ता बँकेत जमा झाला त्या आठवड्यात परतीच्या बसला गर्दी होती. भवानीनगरपर्यंत विज्ञानाची मॅडम माझ्या सीटपाशी दांड्याला धरून उभी राहिली. शेजारची बाई उतरली तेव्हा तिला बसावंच लागलं. मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“जमा झालं म्हणं,” ती म्हणाली.

“पहिला हप्ता झाला.” मग मला राहवलं नाही. “तूही सही केली असतीस तर तुझंही झालं असतं.”

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. “ताई, मी मंगळवारी दोन दिवस मागितले व्हते. बुधवारी सासूबाईंशी भांडले, नवऱ्याला सांगितलं की पोरीची फी पुरी भरायला लागली तर भरू. गुरुवारी सही करायला तुमच्या टेबलापाशी आले. तवा बाकीच्यांकडनं कळलं, तुमी बुधवारीच अर्ज दिला.”

“मग बोलायचं ना.”

“कधी? तुमी मान वर केली न्हाय.”

मी म्हटलं, वेगळा अर्ज करता येतो, मी लिहून देते, अजून काही वेळ गेलेली नाही. ती मान हलवत राहिली. “घरात आता पुन्हा कुणाशी भांडू? तवा दोघी व्हतो, म्हणून धीर केला व्हता. एकटीला न्हाय जमणार, ताई.” मग म्हणाली, “एक दिवस थांबायला तुमाला काय झालं व्हतं? मी लागत नव्हते का?”

लासुर्णे आलं. कंडक्टरनं बेल मारली आणि ती उतरून गेली. लागत होतीस, सगळ्यांपेक्षा तूच लागत होतीस, हे मला तेव्हा म्हणता आलं नाही. त्या मंगळवारी मला तिच्यापेक्षा माझा राग जवळचा वाटला होता.