वस्तादांची चूळ

१९५६ साली मी चोवीस वर्षांचा होतो. चामराजपेटच्या तालमीतून मॅरेथॉनला उतरलो. थोरले भाऊ, अण्णा, सायकलवरून सोबतीला. वस्ताद सांगत, धावताना पाणी पोटात गेलं की पाय जड होतात, म्हणून नुसती चूळ भरून थुंकायचं. मी तसंच करत होतो.

येलहंकापर्यंत श्वास पावलांच्या तालात होता, घामही भरपूर येत होता. परतताना ऊन चढलं. बनियनवर मिठाचे पांढरे डाग उमटले, धाप लागली, आणि चुलीतला लाकूडफाटा संपावा तसं पायांतलं बळ संपलं. मग अंगावर काटा आला.

"अण्णा, आता गार वाटतंय. थंडी वाजतेय."

अण्णांनी मानेला हात लावला आणि सायकल आडवी घातली. "गाढवा, अंग तव्यासारखं तापलंय! सावलीत बस."

"शर्यत सोडणार नाही."

"मग आईला काय सांगू मी?"

त्यांचा आवाज कापत होता. तो तसा मी कधीच ऐकला नव्हता, म्हणून बसलो. त्यांनी डोक्यावर पाणी ओतलं, टॉवेलनं वारा घातला आणि गूळ-मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं. मी सवयीनं चूळ भरली.

"थुंकलास तर बघ! गीळ. स्वल्प, स्वल्प, थोडं थोडं."

घोटाघोटानं थंडी ओसरली, श्वास संथ झाला. ऊन कलल्यावर उरलेलं अंतर चालत गेलो. सगळ्यांत शेवटी, पण पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो आणि वस्तादांसमोर उभा राहून तांब्याभर पाणी प्यालो.