फरकाचा रकाना

चार मिनिटांचा फरक वजा करायचा होता, मी तो मिळवला.

इतकंच. कुणी विचारलं की मास्तर, तुमच्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक कोणती, तर एवढं एक वाक्य पुरतं. बाकीच्या चुका सांगायला मात्र मला आवडतात. मी आयटीआयमध्ये मशिनिस्टचा निदेशक होतो. ग्राइंडर सुरू असताना त्यावर डबा गरम करायला ठेवून वरण छतापर्यंत उडवणारा भंडारा जिल्ह्यातला मी बहुतेक पहिलाच. ती गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली असेल आणि दर वेळी वरण थोडं आणखी वर गेलं. ही गोष्ट मात्र मी कधी पूर्ण सांगितली नाही. म्हणून लिहून टाकतो.

माझ्या एका बॅचमध्ये एक बाई होती. कारध्याची. वर्गातली पोरं तिला ताई म्हणत, मीही ताईच म्हणायचो. नवरा गेल्यावर दोन वर्षं धानाच्या मिलमध्ये पोती शिवली, मग घरात एक मुलगी आणि आंधळी सासू असताना तिने मशिनिस्टला नाव टाकलं. मी पहिल्या दिवशी तिला सल्ला दिला होता, ताई, शिवणकामाचा ट्रेड घ्या, लोखंड जड असतं. ती म्हणाली, पोतं का हलकं असते का सर? तेव्हापासून मी तिला सल्ला देणं सोडून द्यायला हवं होतं.

तिचा हात चांगला होता. त्याहून महत्त्वाचं, तिला घाई नव्हती. पोरं मापाच्या जवळ आली की उतावीळ होतात आणि एका घासात जॉब, म्हणजे हातातला तुकडा, मारून टाकतात. ती थांबायची, पुसायची, पुन्हा मोजायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नागपूरकडच्या एका कारखान्याचा माणूस आला. त्यांना ग्राइंडिंगला एक जण हवा होता, कायम होणारा. वयाची अट होती, आणि ताई पुढच्या महिन्यात ती अट ओलांडणार होती. म्हणजे तिच्यासाठी ही एकच वेळ. तिने सासूला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं, पोरीला शाळेत डबा नेऊन द्यायची व्यवस्था केली होती. हे सगळं तिने नोकरी मिळायच्या आधीच केलं होतं.

त्या माणसाने तिघांना निवडलं. प्रत्येकाला एक ड्रॉइंग आणि लोखंडाचा एकच तुकडा. कोन तिघांचे वेगळे. तुकड्याचा वरचा भाग दिलेल्या कोनात घासायचा, चूक तीन मिनिटांच्या आत. मिनिट म्हणजे घड्याळातलं नव्हे, एका अंशाचा साठावा भाग. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण तिथे डोळ्याला विचारतो कोण? सगळ्यांचे मोबाइल त्याने टेबलाच्या खणात टाकले. वर्कशॉपमधल्या कॅल्क्युलेटरवर फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार होत. मी ऐटीत कपाटातून लॉग टेबल काढलं आणि म्हणालो, याला चार्जिंग लागत नाही. तो माणूस हसला आणि प्राचार्यांबरोबर चहाला गेला. मीही जायला हवं होतं. चहा मलाही सांगितला होता.

असा कोन लावायला साइन बार असतो. एक पट्टी, तिच्या दोन टोकांखाली दोन रोलर, आमच्याकडच्या बारमध्ये रोलरांतलं अंतर दोनशे मिलिमीटर. एका रोलरखाली अचूक जाडीचे ठोकळे, म्हणजे स्लिप गेज, ठेवले की पट्टी तिरकी होते. किती उंचीचे ठेवायचे? दोनशे गुणिले कोनाचा साइन. त्या तिरप्यात तुकडा अँगल प्लेटला, म्हणजे काटकोनी आधाराला, आवळायचा, साइन बार काढून घ्यायचा आणि वरचा भाग सपाट घासायचा. तुकडा तिरका असल्यामुळे सपाट घासलेलं त्याच्यावर तिरकं उतरतं.

ताईच्या ड्रॉइंगवर कोन उभ्या कडेपासून दिला होता, बासष्ट अंश चाळीस मिनिटं. तिने नव्वदातून तो वजा केला, सत्तावीस अंश वीस मिनिटं आले. मग साइनचं पान काढलं. टेबलमध्ये दर सहा मिनिटांनी एक आकडा असतो, वीस मिनिटांचा नसतो. अठरा मिनिटांचा असतो. सत्तावीस अठराला .४५८६. राहिली दोन मिनिटं. त्यांच्यासाठी पानाच्या उजव्या कडेला फरकाचे बारीक रकाने असतात, तिथे दोनखाली पाच. शेवटच्या आकड्यात पाच मिळवले, .४५९१. दोनशेने गुणून एक्क्याण्णव पूर्णांक ब्याऐंशी मिलिमीटर. सगळं तिने कागदावर पेन्सिलने मांडलं होतं. शाळकरी अक्षर, एकाखाली एक.

मी मागून डोकावलो. माझं तिथे काही काम नव्हतं. पण शहाणपण दाखवायची संधी मी आयुष्यात कधी सोडली नाही. मी म्हणालो, ताई, नव्वदातून कशाला वजा करत बसता? सरळ कोसाइनचं पान काढा, बासष्ट चाळीस पाहा, तेच उत्तर. एक वजाबाकी वाचते. हे खरंच होतं. मग मीच पुस्तक ओढलं. बासष्ट छत्तीसला .४६०२. राहिली चार मिनिटं, फरकाच्या रकान्यात दहा. मी दहा मिळवले. .४६१२. दोनशेने गुणलं, ब्याण्णव पूर्णांक चोवीस.

कोन वाढला की साइन वाढतो, म्हणून त्याचा फरक मिळवतात. कोसाइन कोन वाढला की कमी होतो, म्हणून त्याचा फरक वजा करतात. हे मी वीस वर्षं शिकवलं होतं. कोसाइनच्या पानाच्या माथ्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेलंही असतं की या रकान्यातले आकडे वजा करा, मिळवू नका. आमच्या प्रतीत नेमका त्या ओळीवर संस्थेच्या मालमत्तेचा जांभळा शिक्का होता. भांडार माझ्याकडे होतं. शिक्के मीच मारले होते, पानागणिक, कुणी पान फाडून नेऊ नये म्हणून.

ताई दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिली.

"सर, माह्यं एक्क्याण्णव ब्याऐंशी येऊन राहिलं," ती म्हणाली. "अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ फरक हाय."

"फरकाच्या रकान्यात तुम्ही घोळ केला असेल," मी म्हणालो. "वीस वर्षं हेच करतो आहे ताई."

"पुन्हा एकदा पायता का?"

"वेळ चालला तुमचा."

हे शेवटचं वाक्य मी अगदी मायेने म्हणालो होतो. ते अजून कानात आहे.

तिने स्वतःचा कागद घडी करून खिशात ठेवला. नव्वद, एक आणि एक पूर्णांक चोवीसचे ठोकळे पुसून एकमेकांना चिकटवले, रोलरखाली सरकवले. मी शेजारी उभा राहून मान हलवली. तिने जॉब घासला तो असा घासला की माझ्या नोकरीत त्याहून चांगला पृष्ठभाग मी पाहिला नाही. काच. उंचीही दिलेल्या हद्दीत अगदी खालच्या टोकावर आणून थांबली. आणखी केसभर घासलं असतं तर जॉब कमी पडला असता.

कारखान्याचा माणूस परत आला. त्याच्याकडे स्वतःच्या बॅगेत साइन बार होता, उंची लिहून आणलेली होती. त्याने ताईचा तुकडा त्यावर ठेवला आणि वरून डायल गेज फिरवलं, त्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. कोन बरोबर असेल तर काटा हलत नाही. पन्नास मिलिमीटरच्या अंतरात काटा अकरा घरं गेला, पुन्हा केलं, पुन्हा अकरा. त्याने कागदावर हिशेब केला आणि म्हणाला, आठ मिनिटं.

आठ म्हटल्याबरोबर मला कळलं. चार मिनिटं पुढे जायचं होतं, मी चार मागे गेलो होतो, दोन्ही मिळून आठ. मी बासष्ट चाळीसचा नव्हे, बासष्ट बत्तीसचा कोसाइन दिला होता. हे लख्ख कळलं, आणि त्यानंतर मी जे बोललो ते असं: "आवळताना जॉब हलला असेल."

का बोललो? प्राचार्य उभे होते, पोरं उभी होती, आणि ते वाक्य तोंडात तयार होतं. निदेशकाच्या तोंडात ते नेहमी तयारच असतं. ताईने माझ्याकडे पाहिलं. खिशाकडे हात नेला आणि तसाच खाली आणला.

कारखान्याच्या माणसाने दुसऱ्या एका पोराचं नाव लिहून घेतलं. तो पोरगा सानगडीचा, हाताने बरा. तो माणूस बॅग भरत होता तेव्हा मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. आकडा माझा होता, तिचा बरोबर होता, कागद तिच्या खिशात आहे, तिला दुसरा तुकडा द्या. त्याने ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता.

"असेल सर," तो म्हणाला. "पण दहा मिनिटांआधी तुम्ही तिच्याकडून जॉब हलला म्हणून सांगितलं. आता आकडा चुकला म्हणता. मी वर काय लिहू?"

मग तो गेला. एकच तुकडा होता, आणि नावही एकच लिहायचं होतं. प्राचार्यांना मी लेखी दिलं. ते म्हणाले, फाइलला लावतो. लावलंही असेल. पुढच्या महिन्यात ताईचं वय अटीच्या पलीकडे गेलं. पास तर ती झालीच, आमच्या बॅचमध्ये पहिली आली. त्या प्रमाणपत्रावर माझी सही आहे.

निवृत्त झाल्यावर मी एकदा कारध्याला गेलो. ती पुन्हा मिलमध्ये लागली होती. दुपारच्या सुट्टीत फाटकाबाहेर बसली होती, केसांत, भुवयांत धानाचा कोंडा. आंधळी सासू दरम्यान गेली होती, बहिणीच्याच घरी. शेवटच्या दिवसांत ती ताईजवळ नव्हती. मी सोबत नवं लॉग टेबल नेलं होतं, तिच्या मुलीसाठी. मुलगी आता अकरावीत, तिला लागेल. देताना नेहमीसारखा बोलत सुटलो. म्हणालो, ताई, त्यानंतरच्या प्रत्येक बॅचला मी माझ्या चुकीची गोष्ट सांगत आलो. शिक्क्याची, आठ मिनिटांची. पोरं शिक्क्यावर हसायची, पण लक्षात ठेवायची. कोसाइनला कुणी फरक मिळवला नाही पुन्हा.

"जॉब हलला म्हणाले होते तुमी, थे बी सांगता का पोरायले?" तिने विचारलं.

मी म्हणालो, ते नाही सांगत.

तिने पुस्तक उघडून कोसाइनचं पान काढलं. वरची ओळ बोटाने पुसून पाहिली. तिथे शिक्का नव्हता. आतून भोंगा वाजला. पुस्तक पदरात गुंडाळून ती उठली.

"गोष्ट तुमाले झकास सांगता येते सर," ती म्हणाली. "माह्या कागद तेवढा वाचता आला नाही."