सुगंधाबाईच्या मोबाईलवरचा पंखा

पोंभुर्ण्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात सुगंधाबाई कोडापे राहते. वय पन्नाशीच्या जवळ, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पोरगा तेलंगणात मिरची तोडायला जातो, घरी सून दिव्या असते. गावात सुगंधाबाईला ओळखतात ते तिच्या आवाजामुळे. आसपास वाघ फिरत असला की संध्याकाळी गल्लीगल्लीतून ओरडत ती जाते, "उद्या नाल्याकडे कोनी जाऊ नका बा." वनखात्याने गावातल्या दोन जणांना हे काम दिलं होतं. दुसरा माणूस कामाला बाहेरगावी निघून गेला, म्हणून ती एकटीच उरली.

बातमी तिला मोबाईलवर मिळायची. वनरक्षक सुनिल जंगलात पावलांचे ठसे बघायचा, कॅमेऱ्यातले फोटो काढून आणायचा आणि पाचच्या सुमारास बारा गावांत हे काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर संदेश टाकायचा. सुगंधाबाई चौथी शिकलेली. अक्षर जोडून जोडून वाचायची, पण वाचायची. मोबाईल टुण्ण वाजला की हातातलं काम टाकून ती बाहेर पडायची.

तिच्या घरामागे ग्रामपंचायत आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे वायफाय बसलं. दिव्याने सासूच्या मोबाईलमध्ये पासवर्ड टाकून दिला. घरापर्यंत रेंज जेमतेम यायची, चुलीजवळ गेलं की तीही अर्धी. पण चालायचं. मध्येच ते बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. अशाच एका बंदच्या दिवशी मोबाईलवर काहीतरी विचारणा आली होती. सुगंधाबाईने समोर दिसलेल्या चौकोनात टिचकी मारली, खाली 'हो' होतं ते दाबलं आणि विसरून गेली.

त्या वर्षी मोहाची फुलं चांगली गळत होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात पंचायतीची केबल तुटली. वायफायची पेटी चालू होती, तिचे दिवे लुकलुकत होते, फक्त इंटरनेट येत नव्हतं. गावात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. टॉवर चालू होता, ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये डेटा होता.

तिसऱ्या दिवशी सुगंधाबाई चार वाजता फुलं वेचून घरी आली. अंगात कसर होती, म्हणून कुठे गेली नाही. फुलं अंगणात पसरली, भात टाकला. बहिणीचा फोन आला, तिच्याशी बोलली. आवाज स्वच्छ येत होता. मोबाईल बिघडलाय असं वाटायला काही कारणच नव्हतं. ग्रुपवर काही वाजलं नाही, तेव्हा आज जंगल शांत आहे असं समजून ती निजली.

मोह वेचायला बायका उजाडायच्या आधी निघतात. भागीरथा शेजारची. दोघी वीस वर्षं एकाच वाटेने जात आल्या होत्या. डोक्यावर टोपली घेऊन ती सुगंधाबाईच्या अंगणाच्या कुडाजवळ थांबली.

"येतं का व बाई?"

"आंग दुखून राह्यलं मावं. तू हो पुढे, मी येतो मागून."

"मोबाईलवर आलं का काई?"

सुगंधाबाईने कोनाड्यातला मोबाईल घेतला, बटण दाबून बघितलं. पडदा रिकामा होता. वर कोपऱ्यात वायफायचा छोटा पंखा दिसत होता, जसा रोज दिसायचा.

"नाई, काई नाई आलं. जाय."

भागीरथा नाल्याकडे गेली.

सूर्य वर आला तेव्हा दोन बायका धावत गावात शिरल्या. नाल्याकडे हात दाखवून त्या 'वाघ, वाघ' ओरडत होत्या. माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन निघाली. सुगंधाबाईही निघाली, मोबाईल मुठीत. शाळा ओलांडून ती वळणावर पोचली आणि मोबाईल थरथरू लागला. टुण्ण, टुण्ण, टुण्ण. ती तिथेच थांबली. पहिलाच संदेश सुनिलचा होता. 'आंबेनाल्याजवळ वाघीण, सोबत दोन पिल्लं. उद्या मोह वेचायला कोणीही जाऊ नये.' खाली वेळ होती, काल संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं.

तिने तो दोनदा वाचला. मग लोकांच्या मागे चालत गेली.

भागीरथा मोहाच्या झाडापासून थोड्या अंतरावर सापडली. नवरा सुकलू तिच्या उशाशी बसला होता आणि तिच्या लुगड्याला चिकटलेली पानं एकेक करून काढत होता.

दुपारी पंचनामा झाला. सुनिलचा चेहरा उतरला होता. "बाई, मी तर टाकलं होतं. बाकी गावांनी वाचलं," तो म्हणाला. "तुम्हाले वेगळा फोन करायला पाह्यजे होता."

"आलंच नाई मले," सुगंधाबाई म्हणाली. जमलेल्यांतली एक बाई हळूच म्हणाली, "निजली असन." तेवढं तिच्या कानावर आलं.

संध्याकाळी दिव्याने मोबाईल हातात घेतला. सेटिंग उघडली. पंचायतीच्या नावाखाली लिहिलेलं होतं, कनेक्ट केलं आहे, इंटरनेट नाही.

"आत्या, मोबाईल वायफायलेच धरून होता," ती म्हणाली. "वायफायमंदी नेट नव्हतं, तरी त्यानं सोडलं नाई. आपला डेटा चालू होता, पन वायफाय जोडून हाय म्हनून तो तिकडे गेलाच नाई. शाळेपुढे रेंज तुटली, तवा डेटावर गेला. मंग सारं एकदम आलं."

"अन् फोन कसा लागला बहिनीचा?"

"बोलाचा फोन टॉवरवरून येते. त्याले नेट नाई लागत."

"आपोआप सोडत नाई का तो?"

"सोडते. पन एकदा विचारते, नेट नाई तरी जोडून राहू का म्हनून. पुन्हा विचारू नको म्हनून कोनी 'हो' दाबलं, तर मंग विचारत नाई."

सुगंधाबाईला ते आठवलं. तिने सुनेला सांगितलं. दिव्या म्हणाली, "मी पासवर्ड टाकला, मलेच तुम्हाले सांगाले पाह्यजे होतं." मग ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सुगंधाबाई सुकलूकडे गेली. तो ओसरीवर बसला होता. तिने सगळं सांगितलं. पंखा, पंचायत, दाबलेलं बटण. आणि कुडाजवळचं बोलणंही, जे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

"तिनं इचारलं होतं मले, भाऊ. मीच म्हनलं, जाय."

सुकलूने ऐकून घेतलं. "तिचा इस्वास होता तुयावर," तो म्हणाला. "मले माहीत हाय तू मुद्दाम नाई केलं. पन आता घरी येत नको जाऊ." एवढं बोलून तो गोठ्याकडे निघून गेला.

तिने काम सोडते म्हणून सुनिलला सांगितलं. त्याने दुसरं कुणी शोधलं, मिळालं नाही. शेवटी तिलाच करावं लागलं. दिव्याने पंचायतीचं नाव मोबाईलमधून पुसून टाकलं, वायफाय बंद ठेवलं. संदेश टाकल्यावर सुनिल आता प्रत्येक गावात फोन करतो आणि समोरच्याने 'ऐकलं' म्हटल्याशिवाय ठेवत नाही. केबल पुढे महिन्याभराने जोडली गेली.

सुगंधाबाई त्या वर्षी पुन्हा मोहाला गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्या दिवशी पसरलेली फुलं तशीच अंगणात वाळून काळी पडली, ती दिव्याने झाडून टाकली. संध्याकाळी मात्र सुगंधाबाई गल्लीगल्लीतून ओरडत जाते. सुकलूच्या घरापुढेही ती थांबून सगळं सांगते. आत दिवा असतो. कुणी बाहेर येत नाही.