तिसऱ्या तारेची सायली

पिशोरची सायली माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिनं काही विकत घेतलं नाही. काउंटरपाशी उभी राहून तिनं पिशवीतून आयटीआयचं प्रमाणपत्र काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी इलेक्ट्रिकचं सामान विकतो, नोकऱ्या वाटत नाही. पण उन्हातून आलेल्या पोरीला तसं तोंडावर सांगवेना.

"काका, दोन वर्सं शिकले. इलेक्ट्रिशियन ट्रेड. मार्कं बी चांगले हायेत. पण कंपनीच्या गेटवर गेलं की इचारतेत, काम कुठं केलं? मी म्हणते, तुमच्याकडं करन ना. तर हसतेत."

चिकलठाण्यात मामाकडं राहून तिनं बारा गेट पालथे घातले होते. मामी आता ताट वाढताना भांडी आपटू लागली होती. उन्हाळा संपेपर्यंत काही जमलं नाही तर बाप पिशोरला परत नेणार आणि लग्न उरकणार, हे तिनं सांगताना डोळे प्रमाणपत्रावरच ठेवले.

मग आम्ही तिथंच दुकानात तिच्या धंद्याचा विचार करायला बसलो. मी, ती आणि कारभारी. हा कारभारी म्हणजे या भागातला जुना परवानाधारक वायरमन. रोज दुपारी चहाला येतो आणि दुसऱ्यांच्या कामाची सालं काढतो. मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीच्या तारा पुन्हा गुंडाळायचं दुकान टाकावं, मी म्हणालो. कारभारी म्हणाला, "हात बसायला चार वर्सं लागतेत. तवर लोकाच्या मोटारी जाळायच्या का?" घरांचं वायरिंग? त्याला परवाना लागतो, तो काही प्रमाणपत्र दाखवून लगेच मिळत नाही. छतावरचे सोलर? आधी कुणाच्या तरी हाताखाली काम करायला हवं, म्हणजे पुन्हा तोच गेट. एलईडी बल्ब जोडून विकावेत, तर माझ्याच दुकानात त्यांचे ढीग पडलेले.

सायलीनं मग तिच्या प्रमोदिनी मॅडमचं म्हणणं सांगितलं. त्या आयटीआयमध्ये तिला शिकवायच्या. मॅडम म्हणाल्या होत्या, "अनुभव नसताना धंदा करायचा तर असं काम घे, की चुकलं तरी वस्तूच बिघडेल. माणसाला इजा होईल असं काम नंतर."

"मग कूलर!" मी टाळी वाजवली. केवढा हुशार मी! घरोघरी जाऊन कूलर दुरुस्त करायचे. गवत बदला, पंप बदला, पंख्याची मोटार साफ करा, जुनी वायर काढून नवी टाका. हत्यारं एका पिशवीत मावतात, दुकान लागत नाही आणि आपल्या गावात मार्च लागला की कूलर नसलेलं घर सापडत नाही. कारभारीनंही मान हलवून दुसरा चहा मागवला, म्हणजे ते पसंत पडलं होतं.

तिनं काम मात्र देखणं केलं. कूलर उघडला की आधी पुसणार, प्रत्येक जोड घट्ट करणार, शेवटी टेस्ट लॅम्प लावून पत्र्यात करंट उतरत नाही ना ते तपासणार. जुन्या कूलरना बहुतेक दोनच तारा असतात. ती त्या काढून तीन तारांची वायर टाकायची आणि तिसरी, हिरवी तार कूलरच्या पत्र्याला पक्की जोडायची. पंपातून करंट पत्र्यात उतरलाच तर या तारेनं जमिनीत निघून जावा, म्हणून. पुस्तकात तसंच आहे. ती वायर मीच विकत होतो आणि मीच म्हणत होतो, "तीन तारीच टाक, बाई."

आमच्या मागच्या गल्लीत तिनं चार कूलर केले. पहिला लक्ष्मीबाईंचा. सत्तरी ओलांडलेली बाई, कानानं थोडी कमी, तोंडानं अजिबात कमी नाही. त्यांनी गल्लीभर सांगितलं, "पोरगी लई निगुतीची हाय." त्या एका शब्दावर पुढची तीन कामं आली. सायलीला पहिल्यांदा हसताना मी त्याच आठवड्यात पाहिलं.

एप्रिलमधली दुपार. गल्लीला सहा दिवसांनी नळ आला होता. आमच्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. जेवणं राहतात, दुकानं बंद होतात, सगळं घर पाण्यामागं धावतं. सायली पंप घ्यायला दुकानात आली होती. कारभारी चहा पीत होता. त्यानं सहज विचारलं, "मागच्या गल्लीत तीन तारी टाकली म्हनं? बोर्डात अर्थिंग पाहिलं व्हतं का?"

"बोर्डाला तीन भोकं हायेत की," सायली म्हणाली.

"भोकं हायेत, पन त्यामागं काय हाय? ती घरं एकाच मिस्त्रीनं बांधली. भिंतीत अर्थिंगच्या तारा एकमेकीला जोडल्या अन् तशाच प्लास्टरमंधी पुरल्या. जमिनीत कुठंच गेल्या नाय." त्यानं कप खाली ठेवला. "आता घरात दुसरं काय लीक असलं, तर तो करंट त्याच तारंनं तुझ्या कूलरला येतो. दोन तारा व्हत्या तवर कूलर त्यात नव्हता. तू जोडलास."

सायलीनं हातातला पंप परत काउंटरवर ठेवला. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक बोर्डाला अर्थिंग असतंच. तिसऱ्या भोकावर शंका घ्यायची असते, हे तिला कळणार कुठून? पण मला माहीत होतं. वीस वर्षं त्या गल्लीला सामान विकतोय मी. माहीत होतं आणि मी वायर विकली.

"काका," ती म्हणाली, "लक्ष्मीबाईच्या सूनबाईकडं जुनी वॉशिंग मशीन हाय. पाण्याच्या दिवशीच लावतेत. अन् कूलर बी आजच भरतेत. उघड्या पायानं."

मी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. पाण्याच्या दिवशी फोन कोण उचलतं! दुकान उघडं टाकून मी स्कूटर काढली. बेचाळीस अंशांच्या उन्हात सायली मागं बसली. ती एकच वाक्य पुटपुटत होती, "मी तपासलं व्हतं, मी तपासलं व्हतं." मला भीती वाटत होती ती सांगायला लाज कसली? गल्लीच्या तोंडाशी चार बायका घोळका करून उभ्या दिसल्या आणि माझा हात ब्रेकवरून सुटला. नंतर दिसलं, त्या हंड्यांवरून भांडत होत्या.

लक्ष्मीबाईंचं दार उघडं होतं. सून रूपा गच्चीवर टाकीशी होती, तिची हाक ऐकू येत होती. आत फरशीवर पाणीच पाणी. न्हाणीघरात मशीन घरघरत होती. आणि लक्ष्मीबाई कूलरपाशी पाठमोऱ्या उभ्या, एका हातात पाण्याची नळी, दुसरा हात पत्र्याचं झाकण उचलायला निघालेला.

"हात लावू नका!" मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांना मागं ओढायला धावलो तसा सायलीनं माझा शर्ट धरून मला असा हिसका दिला की मी दारावर आदळलो. ती त्यांच्याकडं गेलीच नाही. ती दाराच्या मागं वळली, मेन स्विचकडं, आणि तो खाली पाडला. शॉक लागलेल्या माणसाला धरायचं नसतं, आधी वीज तोडायची असते. दोन वर्षं वर्गात घोकलेलं तिच्या हाताला आठवलं, माझ्या वीस वर्षांच्या दुकानदारीला आठवलं नाही.

मशीन थांबली. पंखा थांबला. लक्ष्मीबाईंचा हात झाकणावर होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

मग त्या वळल्या. "लाईट गेली काय गं?"

सायली खाली पाण्यातच बसली आणि हमसून रडायला लागली.

रडून झाल्यावर उठली. कूलरचा प्लग काढला, पाय कोरडे करून चपला घातल्या, मला मेन चालू करायला सांगितला आणि टेस्टरचं टोक बोर्डाच्या तिसऱ्या भोकात घातलं. तिथं टेस्टर लागायला नको. लालभडक लागला. न्हाणीघरातल्या मशीनचा प्लग काढला तसा विझला. मशीन बाहेरून प्लास्टिकची, म्हणून कुणाला कधी झटका बसला नव्हता. ती लावली की तिचा करंट सायलीच्या हिरव्या तारेनं कूलरच्या पत्र्यावर येऊन बसत होता.

"म्हंजी त्या मुंग्या याच्याच व्हत्या का?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मागल्या पाण्याच्या दिशी हात लावला तं कोपरापर्यंत झिणझिण आलं. चपला व्हत्या पायात."

"मग बोलल्या काहून नाय तुम्ही?" सायली जवळजवळ किंचाळली.

"काय बोलू? नवी नवी कामं मिळायलीत तुला. गल्लीत बोभाटा झाला अस्ता. म्हणलं, साखर वाढली असंल."

या बाईनं पोरीचं नाव राखायला स्वतःचा जीव धोक्यात घातला होता आणि तिला ते माहीतही नव्हतं.

त्याच दुपारी सायली उरलेल्या तीन घरी गेली. "माझं चुकलं, अर्थिंग पाहिलं नाय, कूलर लावू नका," असं प्रत्येक दारात स्वतः सांगितलं. एकानं घाणेरड्या शिव्या दिल्या. संध्याकाळी हत्यारांची पिशवी माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाली, "मॅडम म्हणल्या व्हत्या, माणूस मरंल असं काम घेऊ नको. मला कळलंच नाय की हे तेच काम हाय. मी पिशोरला जाते."

मी काही बोलायच्या आत कारभारी उखडला. "त्या गल्लीत चाळीस घरं हायेत. अर्थिंग कुणाच्याच घरी नाय. आजवर इचारलं कुणी? मी बी नाय इचारलं. तू तपास, मी माझ्या परवान्यावर खड्डे मारून जमिनीत अर्थिंग करून देतो. हा धंदा नाय तं काय हाय?"

तिनं लगेच पिशवी उचलली नाही. पण रात्रभर दुकानातही ठेवली नाही, जाताना घेऊन गेली.

कारभारीनं पहिला खड्डा लक्ष्मीबाईंच्या अंगणात मारला. लीक होताच वीज तोडणारा स्विचही बसवला. सायलीनं घरातले सगळे प्लग काढायला लावले, एकेक बोर्ड टेस्ट लॅम्प लावून तपासला, दोनदा. मशीन दुरुस्तीला धाडली. कूलर जोडला, पत्र्याला टेस्टर लावला, मीटर लावला. सगळं ठीक होतं. तरी हात लावायची वेळ आली तेव्हा ती तशीच उभी राहिली. ओल्या फरशीवर, चपला काढून, हात अर्ध्यात.

"अगं, मीटर दाखवतंय ना!" मी म्हणालो.

"तवा बी मी तपासलं व्हतं, काका."

लक्ष्मीबाई उंबऱ्यावर माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्या उठल्या. चपला दारात काढल्या, ओल्या फरशीवरून चालत गेल्या आणि तिचा दुसरा हात घट्ट धरला. मी ओरडलो, पण त्यांना कमी ऐकू येतं, किंवा त्या दिवशी ऐकायचंच नव्हतं.

"लाव आता," त्या म्हणाल्या. "एकटीनं नको भिऊ."

सायलीनं डोळे मिटले आणि पत्र्यावर हात ठेवला.