पाचशेच्या अलीकडे

उद्या हॉस्टेलची फी भरायची होती आणि शेअर विकल्यावर पैसे दुसऱ्या दिवशी मिळतात, म्हणून विकायला आजचाच दिवस होता. शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेले वीस शेअर मी पाचशेला विकायला लावले होते. भाव चारशे नव्व्याण्णव रुपये ऐंशी पैशांपर्यंत आला आणि मागे फिरला. नगरच्या ब्रोकरच्या ऑफिसात मी सारखी उठत-बसत होते.

"पाचशेच का?" ऑर्डर टाकणाऱ्या ताईंनी विचारलं.

"पूर्ण आकडा आहे म्हणून," मी चाचरत म्हणाले.

शेजारचे श्रीगोंद्याचे काका हसले. "आमीबी तेच लावलंय पोरी. समद्यांना पाचशेच दिसतंय."

ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. पाचशेला विकणाऱ्यांची मोठी रांग होती, त्याच्या खालच्या भावांना फारसं कुणी नव्हतं. "दोन महिन्यांत दोनदा भाव इथूनच फिरलाय. एवढे सगळे विकले गेल्याशिवाय वर जाणार नाही, आणि तुझा नंबर बराच मागे आहे."

तीन वाजता भाव पुन्हा चढू लागला. मी म्हणाले, "चारशे नव्व्याण्णव वीस करा."

"ऐंशी पैसंच ऱ्हायलं अन् धीर सोडती व्हय?" काका म्हणाले.

माझे शेअर विकले गेले. भाव चारशे नव्व्याण्णव सत्तरला पोचला आणि घसरला. काकांचे शेअर तसेच राहिले.

फीची काळजी मिटली होती. तरी बसमध्ये मी मोबाईल काढून भाव बघत राहिले. बाजार बंद झाला होता, आकडा हलणार नव्हता, हे माहीत असूनही.